तुक्का कुठे मारायचा, प्रश्न कुठे सोडायचा?

यूपीएससी पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात बरोबर उत्तराला 2 गुण मिळतात, चुकलं की त्याचा एक तृतीयांश कापला जातो. समजा, असे 12 प्रश्न अडलेत.

चारही पर्याय अनोळखी असतील तर सरासरी 3 बरोबर येतात. 6 मिळाले, 6 गेले, हाती शून्य. सरळ सोडा. प्रत्येकी एक पर्याय बाद झाला तर 4 बरोबर येतात: 8 मिळाले, साधारण सव्वापाच गेले. दोन बाद झाले तर निव्वळ 8 गुण! इथे प्रश्न सोडणं म्हणजे नुकसानच.

पण पर्याय माहितीवरून बाद व्हायला हवा, नुसतं ‘वाटतं’ म्हणून नाही. सराव पेपरात तुक्क्यांवर खूण करा आणि ते वेगळे तपासा. चारांत एकही बरोबर येत नसेल, तर तुक्के कमी करा.