जाहिरात पाहून आलेला फोन

दिवाळीआधी फर्निचरच्या दुकानात फोन वाजतो. ‘सोफ्याची किंमत काय?’ ‘दुकानात या, मग सांगतो,’ म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानाला फोन लावतं. आधी किंमत सांगावी, मग नाव विचारावं आणि शेवटी, ‘आमची माहिती कुठून मिळाली?’

उत्तर सुचवू नये. ‘फेसबुकवर पाहिलंत का?’ विचारलं, तर बरेच जण सहज ‘हो’ म्हणतात. आठवत नसेल तर वहीत ‘माहीत नाही’ लिहावं, अंदाज नको.

समजा, पत्रकं आणि फेसबुक, दोन्हींवर प्रत्येकी ४००० रुपये खर्च झाले. पत्रकांमुळे २० चौकशा, ४ सोफे विकले. फेसबुकवरून ५० चौकशा, विक्री २. नुसत्या चौकशा मोजल्या तर फेसबुक सरस वाटतं. पण एका विक्रीमागे पत्रकांचा खर्च १००० रुपये, फेसबुकचा २०००. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे विक्री झाली की नाही, तेही लिहायलाच हवं.