आधी परतीची वाट

भाचीचा लॅपटॉप २०१४ सालचा. प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. यंत्र धडधाकट होतं, आठ जीबी रॅम होती, हार्डडिस्क काढून एसएसडी बसवलेली होती. म्हणून आम्ही त्यावर लिनक्स मिंट २२ टाकलं. याची अपडेट्स २०२९ पर्यंत मिळणार आहेत. इन्स्टॉलेशन वीस मिनिटांत संपलं, डेस्कटॉप उजळला, आणि भाचीने ताबडतोब विचारलं, "मामा, झालं ना? आता फोटो टाकू?"

नाही, फोटो एवढ्यात नाही. कोऱ्या पाटीचा हा पहिला तास पुन्हा मिळत नाही. यात काही बिघडलं तरी गमवायला काहीच नसतं, पण कामं उलटसुलट केली तर बिघाड कशामुळे झाला हेच कळत नाही.

मिंट सुरू झाल्यावर स्वागताची एक खिडकी उघडते. त्यात 'फर्स्ट स्टेप्स' या नावाखाली पहिल्या कामांची यादी असते: स्नॅपशॉट, ड्रायव्हर, अपडेट, फायरवॉल आणि आणखी थोडी. यादी चांगली आहे, मात्र मी तिच्या क्रमाने जात नाही. माझा नियम साधा आहे: ज्या कामाने मागे फिरता येतं ते पहिलं, आणि ज्या कामात मोडतोडीची शक्यता जास्त ते जितकं उशिरा करता येईल तितकं उशिरा.

म्हणून सगळ्यात आधी टाइमशिफ्ट. विंडोजमधला रिस्टोर पॉइंट ज्यांना माहीत आहे त्यांना याची कल्पना पटकन येईल, फक्त हा जास्त सखोल आहे. सिस्टिमच्या सगळ्या फाइल्स जशा आहेत तशा तो एका फोल्डरमध्ये नक्कल करून ठेवतो. पद्धत विचारल्यावर आरसिंक निवडायची, जागा म्हणून तीच एसएसडी चालते, 'क्रिएट' दाबायचं आणि पाचेक मिनिटं थांबायचं. पहिला स्नॅपशॉट सिस्टिमएवढाच मोठा, म्हणजे साधारण दहा-बारा जीबीचा होतो. पुढचे मात्र हलके असतात, कारण न बदललेली फाइल पुन्हा साठवली जात नाही, जुन्याच नकलेकडे बोट दाखवलं जातं. स्नॅपशॉट पेनड्राइव्हवर ठेवायचा असेल तर एक अडचण येते. बाजारातून आणलेला पेनड्राइव्ह विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि टाइमशिफ्ट तो स्वीकारत नाही. त्याला लिनक्सची ईएक्सटी४ सारखी फाइल-व्यवस्था लागते.

वेळापत्रकात मी 'रोज' निवडून संख्या तीन ठेवली. उत्साहाने रोज, आठवड्याला, महिन्याला आणि प्रत्येक बूटला असे सगळे चौकोन भरणारे लोक मी पाहिले आहेत. काही महिन्यांनी त्यांची डिस्क तुडुंब भरते, पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि दोष मिंटला दिला जातो.

दुसरं काम फायरवॉल. मिंटमध्ये ती असते, पण बंद असते. तिची खिडकी उघडून एक खटका चालू केला की झालं. येणाऱ्या जोडण्यांना मनाई, जाणाऱ्यांना मुभा, ही मांडणी तयारच असते. टर्मिनलला न घाबरणाऱ्यांसाठी हेच दोन ओळींत:

```
sudo ufw enable
sudo ufw status verbose
```

उत्तरात `Status: active` आणि `deny (incoming)` दिसलं की काम फत्ते. खरं सांगायचं तर घरच्या राउटरमागे बसलेल्या नव्या मिंटला या फायरवॉलची फारशी निकड नसते, कारण बाहेरच्यांसाठी दार उघडून बसलेला प्रोग्रॅमच त्यात जवळपास नसतो. पण हा लॅपटॉप हॉस्टेलला जाणार होता, आणि तिथे एका वायफायवर शेदोनशे अनोळखी यंत्रं असतात. फसव्या लिंकवर आपणच क्लिक केलं तर मात्र फायरवॉल काही करू शकत नाही, तिचं काम फक्त न बोलावता येणाऱ्यांना अडवण्याचं.

तिचा एक उपद्रव आधीच सांगतो. मिंटमध्ये वॉर्पिनेटर नावाची सोय आहे. एकाच वायफायवरच्या दोन यंत्रांत तिने फाइल्स पाठवता येतात. फायरवॉल चालू केल्यावर समोरचं यंत्र यादीत दिसेनासं झालं, तर ४२००० आणि ४२००१ ही दोन पोर्ट उघडायची. त्यासाठी आख्खी फायरवॉल बंद करू नये.

इथवर इंटरनेट लागलं नव्हतं, आणि ते बरंच झालं, कारण भाचीच्या लॅपटॉपवर वायफाय दिसतच नव्हतं. ब्रॉडकॉमच्या बीसीएम४३१४२ या कार्डाला वेगळा ड्रायव्हर लागतो. अशा वेळी क्रम मोडून आधी ड्रायव्हरकडे धावावंसं वाटतं. आम्ही धावलो नाही. फोन केबलने जोडला आणि यूएसबी टेदरिंग चालू केलं. अँड्रॉइड फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट तो केबलमधून पुढे देतो, मोबाइल डेटा खर्च होत नाही. अपडेट्स काही शे एमबींपासून जीबीच्या पुढेही जाऊ शकतात, म्हणून हे महत्त्वाचं.

अपडेट मॅनेजर आधी स्वतःलाच अपडेट करायची परवानगी मागतो, ती द्यावी. मग तो जवळचा मिरर निवडायला सुचवतो, म्हणजे तेच सामान ठेवणारा जवळपासचा सर्व्हर. वेग खूपच कमी असेल तरच मी मिरर बदलतो. अर्धवट अद्ययावत झालेला मिरर `Hash Sum mismatch` अशी कुरकुर करतो, आणि तेव्हा मूळ सर्व्हरवर परतणं हाच सोपा उपाय. दुसरा नेहमीचा संदेश म्हणजे `Could not get lock`. त्याचा अर्थ एवढाच की दुसरं एखादं इन्स्टॉलेशन मागे चालू आहे. थोडं थांबावं. ती लॉक-फाइल पुसून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये.

अपडेट्समध्ये बहुतेक वेळा नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, येतो. तो रीस्टार्ट केल्याशिवाय वापरात येत नाही. त्यामुळे इथे एक रीस्टार्ट हवाच. नव्या कर्नलवर यंत्र उठलंच नाही तर सुरुवातीच्या मेनूत `Advanced options` खाली जुना कर्नल जागेवर असतो, त्यावरून आत यायचं.

आता ड्रायव्हर. विंडोजची सवय असलेले लोक इथे वेबसाइटी धुंडाळायला लागतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात. त्यामुळे ड्रायव्हर मॅनेजरने 'काहीच लागत नाही' म्हटलं तर ते खरं मानावं. जे थोडे बाहेरून येतात, जसे एन्व्हिडियाची ग्राफिक कार्डं किंवा हे ब्रॉडकॉम, त्यांचा काही भाग तुमच्याच यंत्रावर, तुमच्या कर्नलच्या मापाने बांधला जातो. शिंप्याकडे माप देण्यासारखंच आहे हे, आणि म्हणूनच अपडेट्स आधी. ड्रायव्हर आधी टाकला आणि मग कर्नल बदलला तर कपडा आपोआप पुन्हा शिवला जातो, बहुधा नीटच. पण कधी शिवण चुकते, रीस्टार्टनंतर वायफाय गायब होतं, आणि दोष ड्रायव्हरचा की कर्नलचा हे ओळखणं अवघड जातं.

आमच्याकडे चूक वेगळीच झाली, आणि ती माझी. लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू होतं. असं असलं की यंत्र सहीशिवायचा ड्रायव्हर आत घेत नाही. म्हणून ड्रायव्हर बसवताना एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो. तिथे `Enroll MOK` निवडून, `Continue`, `Yes` करून तोच पासवर्ड द्यायचा. मी भाचीशी बोलत बोलत एंटर दाबला. पहिलाच पर्याय `Continue boot` होता. मिंट छान सुरू झालं, ड्रायव्हर मॅनेजर म्हणाला ड्रायव्हर वापरात आहे, आणि वायफाय काही येईना. `sudo modprobe wl` लिहिल्यावर उत्तर आलं, `Key was rejected by service`. म्हणजे ड्रायव्हर शाबूत होता, फक्त त्याच्या सहीची ओळख यंत्राला पटलेली नव्हती. निळा पडदा परत बोलावण्यासाठी हे लिहावं लागलं:

```
sudo mokutil --import /var/lib/shim-signed/mok/MOK.der
```

नवा पासवर्ड दिला, रीस्टार्ट केलं, या वेळी दोघंही पडद्याकडे टक लावून बसलो. वायफाय आलं. सिक्युअर बूट बायोसमधून बंद करूनही हे सुटलं असतं, पण दोन मिनिटांच्या कामासाठी कायमची कडी काढून ठेवणं मला पटत नाही.

लगेच दुसरा स्नॅपशॉट घेतला आणि त्याला 'वायफाय चालू' असं नाव दिलं. उद्या काही बिघडलं तर परत यायची जागा हीच. लॅपटॉप सुरूच झाला नाही तरी इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून बूट करून, त्यातला टाइमशिफ्ट उघडून हा स्नॅपशॉट परत आणता येतो.

"मग फोटोही त्यातून परत येतील?" भाचीने विचारलं. इथेच सगळ्यांची गल्लत होते. टाइमशिफ्ट तुमचं होम फोल्डर मुद्दाम वगळतो. ते सामील करायचा पर्याय आहे, पण तो घेऊ नये. कारण मागच्या रविवारचा स्नॅपशॉट परत आणला की तुमचा प्रोजेक्टसुद्धा मागच्या रविवारचा होईल, मधल्या दिवसांचं काम जाईल. शिवाय स्नॅपशॉट त्याच एसएसडीवर आहेत. ती गेली की तेही गेले.

फोटोंसाठी वेगळा बॅकअप लागतो, वेगळ्या डिस्कवर. फॉरमॅट करण्यापूर्वी आम्ही भाचीच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या होत्या. त्या आता लॅपटॉपवर घेताना मी तिला 'कट' न करता 'कॉपी' करायला लावलं. मग मिंटचं बॅकअप टूल उघडलं. ते होम फोल्डरची एक गाठोडी-फाइल बांधतं. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल्स त्यात वेगळ्या निवडाव्या लागतात. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड तिथेच असतात. गाठोडं चार जीबीच्या वर गेलं तर एफएटी३२ पेनड्राइव्हवर ते मावत नाही, मध्येच अडकतं. आमचं सतरा जीबीचं झालं, म्हणून एक्सफॅट केलेली बाहेरची डिस्क घेतली.

घड्याळात एक तास दहा मिनिटं झाली होती, त्यातली दहा माझ्या एंटरची. भाचीने डिस्कवरचं गाठोडं उघडलं, आतून आजीच्या पंचाहत्तरीचा एक फोटो ओढून डेस्कटॉपवर टाकला. तो उघडला तेव्हा मी डिस्क काढली आणि कपाटात ठेवली.