दूध कोमट व्हायला किती वेळ लागतो?

दही लावायचं तर दूध उकळून पुन्हा 40 ते 43 अंशांपर्यंत खाली यावं लागतं. त्याहून गरम दुधात विरजण मरतं, फार गार दुधात ते कामाला लागत नाही. मधल्या वेळेत करण्यासारखं काही नसतं, पण तो वेळ किती असेल हे कागदावर काढता येतं. त्यासाठी एक साधं सूत्र पुरतं आणि त्या सूत्रातलं एक अक्षर मात्र अजिबात साधं नाही.

स्टीलचं 12 सेंटिमीटर व्यासाचं पातेलं घेऊ. त्यात एक लिटर दूध, वर झाकण, आणि खालूनही हवा लागावी म्हणून पातेलं जाळीच्या स्टँडवर ठेवलेलं. दूध 88 अंशांवर आहे, स्वयंपाकघर 28 अंशांवर. झाकण महत्त्वाचं आहे. ते काढलं की दुधाची वाफ उडू लागते आणि वाफ आपल्याबरोबर भरपूर उष्णता नेते. तो हिशेब वेगळा. बशीत ओतलेला चहा लवकर निवतो यातही मोठा वाटा वाफेचाच असतो, त्यामुळे तो इथे उदाहरण म्हणून चालणार नाही.

शीतलनाचा नियम असा:

q = h × A × (Ts − Ta)

q म्हणजे दर सेकंदाला बाहेर पडणारी उष्णता, वॉटमध्ये. A म्हणजे हवेला भिडलेला पृष्ठभाग. आपल्या पातेल्याचा बाजू, तळ आणि झाकण मिळून सुमारे 0.056 चौरस मीटर. कंसात पातेल्याचं आणि हवेचं तापमान यांतला फरक. उरलं h, म्हणजे अभिसरणाचा सहगुणक. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून, तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे किती वॉट जातात हे तो सांगतो. म्हणून त्याचं एकक वॉट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन. फरकच मोजायचा असल्याने केल्विन म्हणा की सेल्सियस, आकडा तोच.

बंद खोलीतल्या स्थिर हवेत अशा पातेल्यासाठी h साधारण 6 येतो. चकचकीत स्टीलमधून प्रारणाने जाणारी थोडी उष्णता धरून 7 म्हणू. सुरुवातीचा फरक 60 अंश, म्हणजे 7 × 0.056 × 60, साधारण 23 वॉट. एक लिटर दूध एका अंशाने उतरायला सुमारे 4000 जूल बाहेर जावे लागतात, म्हणजे जवळपास तीन मिनिटं. फरक 15 अंशांवर आला की त्याच एका अंशाला अकरा मिनिटं लागतात. सगळी बेरीज केली तर फरक निम्मा व्हायला सुमारे दोन तास लागतात: 88 वरून 58 ला दोन तास, 58 वरून 43 ला आणखी दोन. दूध रात्री नऊला उतरवलं तर विरजण लावायला एक वाजेल.

आता पंखा लावा. पातेल्याभोवती सेकंदाला दोन मीटर वेगाने वारा वाहिला तर h 7 वरून 15 च्या आसपास जातो आणि चार तासांचे दोन होतात. दूध तेच, स्टील तेच, हवाही तितकीच गरम. मग बदललं काय?

पातेल्याला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो. पृष्ठभागाला अगदी टेकलेली हवा हलत नाही. तिथून बाहेर सरकावं तसा वेग वाढत जातो. या थराला सीमास्तर म्हणतात. 1904 मध्ये लुडविग प्रांटल यांनी ही कल्पना मांडली. हा थर म्हणजे पातेल्याने पांघरलेली दुलईच, कारण उष्णतेला आधी त्यातून झिरपत जावं लागतं आणि हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. तिची वाहकता सुमारे 0.026, तिला h ने भागलं की थराची अंदाजे जाडी मिळते. h 6 असेल तर थर चार मिलिमीटरचा, पंख्याखाली जेमतेम दोनचा. वारा उष्णता ओढून नेतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो हा थर खरवडून पातळ करतो. म्हणूनच h हा स्टीलचा किंवा दुधाचा गुण नाही. हवेचा गुण त्यात येतो, पण तेवढ्याने तो ठरत नाही. तो प्रवाहाचा आणि आकाराचा हिशेब आहे.

न्यूटनचा 1701 मधला लॅटिन निबंध याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्याने तापलेलं लोखंड निवत ठेवलं ते स्थिर हवेत नाही, तर एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात, आणि हे त्याने मुद्दाम नोंदवलं. त्याचं कारण आपल्या पातेल्यात दिसतं. पंखा नसताना हवा हलते ती पातेल्याच्या उष्णतेनेच: गरम हवा हलकी होऊन वर जाते, खालून गार येते. दूध निवत गेलं की हा प्रवाह मंदावतो, थर जाडावतो आणि h उतरतो. म्हणजे दोन-दोन तासांचा आपला हिशेब काटेकोर नाही. थर्मामीटर घालून पाहिलंत तर पहिला टप्पा दोन तासांच्या थोडा आत आणि दुसरा थोडा पुढे गेलेला दिसेल. पंख्याखाली मात्र प्रवाह पंख्याच्या हातात असतो, दुधाच्या नाही, म्हणून दोन्ही टप्पे जवळपास सारखे येतात. न्यूटनचा नियम वाऱ्यात नीट लागू पडतो. स्थिर हवेत तो कामचलाऊ आहे.

आकाराची गोष्ट यातूनच निघते. पातेल्याच्या बाजूने वर चढणारी हवा खालच्या कडेला नुकतीच आलेली असते, तिथे थर पातळ असतो. जसजशी ती वर जाते तसा तो जाड होतो. उंच भांड्याचा सरासरी h त्यामुळे थोडा कमी भरतो. उलट मिलिमीटरभर जाडीच्या गरम तारेभोवती जाड थर जमायला जागाच नसते. तिचा h पातेल्याच्या कित्येक पट असतो. दिशाही मोजावी लागते. वर तोंड केलेल्या गरम पत्र्यावरून हवा सहज उठून जाते, खाली तोंड केलेल्याखाली ती अडकते आणि h अंदाजे निम्म्यावर येतो.

पुस्तकांतल्या तक्त्यांत स्थिर हवेसाठी 2 ते 25 आणि पंख्याने ढकललेल्या हवेसाठी 25 ते 250 असे आकडे असतात. आपला पंख्याखालचा 15 त्या दुसऱ्या रकान्यात बसतच नाही, कारण ते आकडे मुख्यतः यंत्रांतल्या वेगवान झोतांचे असतात. तक्ता नुसता अंदाज देतो, नेमकं उत्तर देत नाही. पाण्याचे आकडे मात्र वेगळ्याच पट्टीतले: आपसूक हलणाऱ्या पाण्यात काही शेकड्यांपासून हजारापर्यंत, पंपाने खेळवलेल्या पाण्यात वीस हजारांपर्यंत, आणि उकळताना किंवा वाफ गोठताना लाखापर्यंत.

म्हणून घाईत असाल तर पंख्याच्या नादी न लागता पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवावं आणि पाणी बदलत राहावं. पंधरा-वीस मिनिटांत दूध कोमट होतं. इथे एक नवी अडचण उभी राहते. बाहेरचा थर आता इतका सैल झालेला असतो की दुधाच्या बाजूचा, स्टीलला चिकटलेला दुधाचा थर अडवू लागतो. हवेत ठेवलेल्या झाकलेल्या पातेल्यात आत चमचा फिरवून जवळजवळ काही मिळत नाही, कारण अडथळा बाहेर आहे. परातीतल्या पातेल्यात मात्र तोच चमचा फिरवला तर बरीच मिनिटं वाचतात.