फोडी काढल्या, तरी रस्सा बाधतो

कांदा-लसणात फ्रुक्टान नावाची कर्बोदके असतात. ती तोडणारे एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतेच. न पचलेली फ्रुक्टान मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस होतो. तो थोडाफार सगळ्यांनाच होतो. आतडे हळवे असेल तर पोट फुगून दुखते. छातीतली जळजळ निराळी. आधीच आम्लपित्त असेल, तर कच्च्या कांद्याने जठरातले आम्ल जास्त वर येऊ शकते.

फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे रश्श्यातल्या कांद्याच्या फोडी वेचून काही साधत नाही. लसूण तेलात परतून, पाणी घालण्याआधीच पाकळ्या काढल्या, तर स्वाद तेवढा तेलात उतरतो. पातीच्या कांद्याचा हिरवा भागही बहुतेकांना सोसतो.