मुदतीची पोस्ट कशी लिहावी

आयकर विवरणपत्राच्या हंगामात सीएने लिहिलेल्या पोस्टमध्ये तीन गोष्टी आधी हव्यात: कोणते आर्थिक वर्ष, कोणता करदाता आणि कोणती तारीख. नुसते ‘31 जुलै शेवटची तारीख’ लिहिणे अपुरे आहे. 2025 मध्ये लेखापरीक्षण लागू नसलेल्यांची ही मुदत आधी 15 सप्टेंबर आणि अखेरीस 16 सप्टेंबर झाली. वर्ष न लिहिलेला जुना संदेश अशा वेळी फिरत राहतो आणि लोकांची दिशाभूल करतो.

उशिराचा परिणाम उदाहरणाने चटकन कळतो. समजा, पगारदाराचे करपात्र उत्पन्न 8 लाख आहे आणि टीडीएस वजा जाता 9,000 रुपये कर बाकी आहे. 31 जुलैची मुदत चुकवून त्याने 10 सप्टेंबरला कर भरून विवरणपत्र दाखल केले, तर विलंब शुल्क 5,000 रुपये. व्याज दरमहा एक टक्का. अपुरा महिनाही पूर्ण धरतात, म्हणून दोन महिन्यांचे 180. एकूण भुर्दंड 5,180 रुपये. उत्पन्न पाच लाखांपर्यंत असते, तर शुल्क 1,000 वर थांबले असते.

दाखल केल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी करायची असते, हेही पोस्टमध्ये हवेच. बरेच जण तिथेच अडकतात.

‘खात्रीशीर रिफंड’, ‘सर्वांत कमी फी’ असले शब्द मात्र टाळावेत. जाहिरात करून अशील मिळवणे हे 1949 च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार व्यावसायिक गैरवर्तन ठरू शकते.