सिनेमाचा कागद कसा लिहावा?

आपण सिनेमा पाहतो. पडद्यावर माणसे चालतात, बोलतात, भांडतात. पण हे सारे आधी कागदावर लिहिलेले असते. या लिखाणाला पटकथा म्हणतात.

गोष्ट आपल्या सगळ्यांना सांगता येते. मग पटकथा निराळी का लिहायची? कारण गोष्ट वाचणारा एकटा बसून वाचतो. पटकथा मात्र कामाचा कागद आहे. दिग्दर्शक ती वाचतो. कॅमेरा चालवणारा वाचतो. दिवे लावणारा, कपडे पुरवणारा, काम करणारे नट, सगळे वाचतात. ज्याला जे हवे, ते त्याला चटकन सापडले पाहिजे. म्हणून या कागदाची एक ठरीव मांडणी आहे. तिचे तीन भाग आहेत : मथळा, हालचाल आणि संवाद.

आपण एक लहानशी गोष्ट घेऊ. दोन भाऊ आहेत. थोरला तुकाराम, धाकटा धोंडिबा. विहीर सामाईक आहे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. एके दिवशी धोंडिबाची पाळी असताना तुकाराम आपल्या शेतात पाणी घेतो. गोष्टीत आपण लिहू, “धोंडिबाला फार राग आला. पण भावाशी भांडण नको, म्हणून तो गप्प राहिला.”

आता हेच पटकथेत लिहून पाहू.

दृश्य ५. बाहेर. धोंडिबाचे शेत. पहाट.

धोंडिबा (वय ३०) खांद्यावर खोरे घेऊन येतो. पाटाकडे पाहतो. पाट कोरडा आहे. बांधापलीकडून पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. तो बांधावर चढतो. पलीकडे तुकाराम (वय ४०) आपल्या उसाला दारे धरतो आहे.

> धोंडिबा
> दादा, आज पाळी माझी हाय.
>
> तुकाराम
> (मान वर न करता)
> तासाभरानं सोडतो.

धोंडिबाची मूठ खोऱ्याच्या दांड्यावर आवळते. तो तुकारामच्या पाठीकडे पाहत राहतो. मग खोरे खाली ठेवतो आणि बांधावर बसतो.

आता याचा एकेक भाग पाहू.

पहिली ओळ म्हणजे मथळा. त्यात तीन गोष्टी सांगायच्या. आत की बाहेर? कोणती जागा? कोणती वेळ? याहून अधिक काही त्यात घालायचे नाही. प्रत्येक दृश्याला आकडाही देतात. म्हणजे कोणते दृश्य, ते सांगायला सोपे जाते.

एवढीशी ओळ, पण तिच्यावर पुष्कळ काम अवलंबून असते. सिनेमा बहुधा गोष्टीच्या क्रमाने घेत नाहीत. समजा, पाचवे, बारावे आणि एकतिसावे दृश्य याच शेतात आहे. तर कॅमेरा आणि माणसे एकदाच शेतात नेतात आणि तिन्ही दृश्ये लागोपाठ घेतात. कोणती दृश्ये एका जागी आहेत, हे मथळे पाहूनच ठरवतात. म्हणून जागेचे नाव एकच ठेवावे. एकदा ‘धोंडिबाचे शेत’ लिहिले, तर पुढे ‘मळा’ किंवा ‘उसाचे रान’ लिहू नये. यादी करणाऱ्याला त्या निराळ्या जागा वाटतील.

नुसते ‘घर’ असेही लिहू नये. कोणाचे घर? अंगण की माजघर? अंगण बाहेर आहे, माजघर आत आहे. माणूस अंगणातून माजघरात गेला, की दृश्य बदलले. मग नवा मथळा द्यायचा. जागा तीच राहिली, पण पहाटेची दुपार झाली, तरीही नवा मथळा द्यायचा.

दुसरा भाग हालचालीचा. जे डोळ्याला दिसते आणि कानाला ऐकू येते, तेवढेच इथे लिहायचे. नवे लेखक बहुधा इथेच चुकतात. ते लिहितात, “धोंडिबाला राग आला.” कॅमेऱ्याला राग कसा दिसणार? त्याला दांड्यावर आवळलेली मूठ दिसते. “भांडण नको असे त्याला वाटले,” हेही दिसत नाही. खोरे खाली ठेवून बसलेला माणूस दिसतो. पाहणाऱ्याला मग सांगावे लागत नाही. तो स्वतःच ओळखतो.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. तो मूकपट होता. नटांचा आवाज ऐकू येत नव्हता. मधूनमधून पडद्यावर थोडा मजकूर दाखवत. बाकी सारे हालचालीतून कळावे लागे. आज बोलपट असला तरी हालचालीचे हे काम सुटलेले नाही.

हालचाल नेहमी ‘येतो, पाहतो, बसतो’ अशी लिहावी. ‘आला, पाहिले, बसला’ असे लिहू नये. कारण ते आपल्यासमोर आत्ता घडते आहे. चार-पाच ओळी झाल्या, की परिच्छेद मोडावा. माणूस पहिल्यांदा आला, की त्याचे वय कंसात द्यावे. पण त्याचा सारा पूर्वइतिहास तिथे सांगू नये. तो पडद्यावर दिसणार नाही.

तिसरा भाग संवादाचा. बोलणाऱ्याचे नाव वेगळ्या ओळीवर, पानाच्या मध्यावर लिहायचे. त्याखाली त्याचे बोलणे, दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून लिहायचे. हालचाल मात्र पानाच्या पूर्ण रुंदीत लिहायची. असे केले म्हणजे नटाला आपली वाक्ये लगेच सापडतात.

नाव आणि बोलणे यांच्यामध्ये कधी कंसात एखादी सूचना असते. वर ‘मान वर न करता’ अशी आहे. ती गरजेची आहे, कारण तिच्यावाचून तुकारामचे बोलणे साधेच वाटले असते. पण प्रत्येक वाक्याला ‘रागाने’, ‘दुःखाने’ असे जोडू नये. वाक्य नीट असेल, तर नट ते ओळखतो.

बोलणे माणसाच्या तोंडी शोभेल असे असावे. धोंडिबा म्हणतो, “दादा, आज पाळी माझी हाय.” त्याने जर म्हटले, “दादा, तू माझा सख्खा थोरला भाऊ, आपली विहीर सामाईक, आणि आपण पाळ्या ठरवल्या आहेत,” तर ते खोटे वाटेल. दोघांनाही ते ठाऊकच आहे. पाहणाऱ्याला ते कळायला हवे असेल, तर आधीच्या एखाद्या दृश्यात पाळ्या ठरताना दाखवाव्यात.

एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, असा एक हिशेब सांगतात. तो ठरीव मापाच्या, इंग्रजी टंकलेखनाच्या पानाचा अंदाज आहे. आपण वहीत हाताने लिहिले, तर तो जुळेलच असे नाही. त्यापेक्षा घड्याळ समोर ठेवून दृश्य मोठ्याने वाचावे. हालचालीला जेवढा वेळ लागेल, तेवढे मध्ये थांबावे. वरचे दृश्य असे वाचले, तर बहुतेक वेळ धोंडिबाच्या येण्याला, पाहण्याला आणि बसण्यालाच लागतो. बोलण्याला फारच थोडा लागतो.

लिहून झाल्यावर एक परीक्षा करावी. सारे संवाद हाताने झाकावे आणि नुसती हालचाल वाचावी. वरच्या दृश्यात संवाद झाकले तरी कळते, की एकाचे पाणी दुसऱ्याने घेतले आणि पहिला गप्प बसला. तुमच्या दृश्यात संवाद झाकल्यावर काहीच कळत नसेल, तर माणसे नुसती उभी राहून बोलत आहेत, असे समजावे. ते दृश्य पुन्हा लिहावे.

आता सहावे दृश्य तुम्ही लिहा. तासाभराने पाणी आले, की आलेच नाही? मथळा देताना वेळ बदलायला विसरू नका.