‘ओके’ आलं म्हणजे नोंद टिकली का?

की-व्हॅल्यू स्टोअर बाहेरून फार सोपं दिसतं. किल्ली द्या, किंमत द्या, ‘ओके’ घ्या. या साधेपणामुळेच एक समज घट्ट बसला आहे, की ‘ओके’ आलं म्हणजे नोंद डिस्कवर गेली आणि आता वीज गेली तरी चिंता नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. नोंद टिकते की नाही हे ती लिहिली गेली यावर जितकं ठरतं, त्याहून जास्त ते जुनी प्रत कोणत्या क्षणी सोडून दिली यावर ठरतं. जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी गूगलमध्ये लिहिलेलं आणि २०११ मध्ये खुलं झालेलं लेव्हलडीबी हे स्टोअर आकाराने आटोपशीर आहे. त्यामुळे हा मुद्दा त्यात अगदी जवळून पाहता येतो.

एक नोंद घेऊ: किल्ली `u:42`, किंमत ५००. लेव्हलडीबी तिला एक वाढता क्रमांक देतं आणि आधी लॉग फाइलच्या शेवटी जोडतं. मग मेमटेबलमध्ये, म्हणजे मेमरीतल्या क्रमवार रचनेत, तिला जागा मिळते आणि ‘ओके’ परत येतं. मधली एक पायरी मात्र ऐच्छिक आहे. लॉगमध्ये लिहिलेलं प्रथम ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत जातं. ते खरोखर डिस्कवर उतरावं यासाठी `fsync` करावं लागतं आणि लेव्हलडीबीत `sync` हा पर्याय मुळात `false` असतो. म्हणजे नेहमीचं ‘ओके’ एवढंच सांगतं, की तुमचा प्रोग्राम कोसळला तरी नोंद वाचेल. मशीनच बंद पडलं तर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. मग `sync` कायम चालूच का ठेवत नाहीत? कारण तो महाग आहे. लेव्हलडीबीच्या स्वतःच्या माहितीपत्रकानुसार `sync` शिवायचं लेखन अनेकदा हजारपटीहून वेगवान असतं. पण इथे ‘वेग हवा की सुरक्षितता’ एवढेच दोन पर्याय नसतात. एकाच वेळी अनेक थ्रेड लिहीत असतील, तर लेव्हलडीबी त्यांच्या नोंदी एकत्र करून एकाच `fsync` मध्ये उतरवतं आणि खर्च सगळ्यांत वाटला जातो. पैशांचा व्यवहार नोंदवताना `sync` बंद ठेवणं मला अजिबात पटत नाही. पुन्हा मोजून काढता येणाऱ्या माहितीसाठी ते चालून जातं.

मेमटेबल साधारण ४ एमबी झालं की ते गोठवलं जातं. नव्या नोंदींसाठी नवा लॉग आणि नवं मेमटेबल उघडतं आणि गोठवलेलं मेमटेबल क्रमवार फाइल म्हणून डिस्कवर उतरतं. जुना लॉग मात्र लगेच पुसला जात नाही. आधी नवी फाइल `fsync` होते, मग ती आता स्टोअरचा भाग आहे अशी नोंद `MANIFEST` या फाइलमध्ये होऊन तीही पक्की होते, आणि त्यानंतरच लॉग जातो. मधल्या कुठल्याही क्षणी मशीन बंद पडलं, तरी `sync` करून लिहिलेली `u:42` लॉगमध्ये किंवा नव्या फाइलमध्ये असतेच. कधी दोन्हीकडे असते, पण तिचा क्रमांक तोच असल्याने त्याने काही बिघडत नाही.

डिस्कवरच्या या फाइली पातळ्यांत रचलेल्या असतात आणि वरच्या पातळीतल्या फाइली खालच्यांत मिसळत जातात, यालाच कॉम्पॅक्शन म्हणतात. त्याबद्दलचा समज ‘ओके’बद्दलच्या समजाहून चिवट आहे: ती फावल्या वेळची साफसफाई आहे, म्हणून पुढे ढकलली तरी चालते. इथे `u:42` पुसून पाहू. एकदा तयार झालेली फाइल बदलत नाही, त्यामुळे ५०० ही किंमत जागची हलत नाही. वर फक्त एक नवी नोंद येते, की ही किल्ली मिटली. तिला टूम्बस्टोन म्हणतात. समजा ५०० खाली तिसऱ्या पातळीत आहे आणि टूम्बस्टोन सर्वांत वरच्या, शून्य पातळीत. शून्य आणि पहिली पातळी एकत्र करताना कुणी ‘मिटलेली किल्ली कशाला बाळगायची’ म्हणून टूम्बस्टोन टाकून दिला, तर पुढच्या वाचनाला वर काहीच सापडणार नाही. ते तिसऱ्या पातळीपर्यंत उतरेल आणि पुसलेली ५०० पुन्हा जिवंत होईल. म्हणून लेव्हलडीबी दोन गोष्टी तपासतं. ती किल्ली आणखी खालच्या कुठल्या पातळीत असू शकते का, आणि त्या नोंदीच्या आधीचं चित्र पाहणारा एखादा स्नॅपशॉट अजून उघडा आहे का. दोन्ही उत्तरं ‘नाही’ आली तरच टूम्बस्टोन जातो. याचा सरळ अर्थ असा, की पुसल्याने जागा लगेच मोकळी होत नाही, काही काळ उलट वाढते. कायद्याने माहिती ठरावीक मुदतीत नष्ट करायची असेल, तर फक्त `Delete` करणं पुरेसं नाही.

आणि ढकलण्याबद्दल म्हणाल तर त्यालाही मर्यादा आहे. शून्य पातळीतल्या फाइलींच्या किल्ल्या एकमेकींवर येऊ शकतात, म्हणून वाचताना त्यातल्या अनेक फाइली तपासाव्या लागतात. तिथे ४ फाइली झाल्या की कॉम्पॅक्शन सुरू होतं. तरी संख्या ८ वर गेली, तर प्रत्येक लेखन सुमारे एक मिलिसेकंद थांबवलं जातं आणि १२ झाल्या की लेखन पूर्ण अडतं. सरासरी वेग छान असताना अधूनमधून लेखन अचानक गोठत असेल, तर `leveldb.num-files-at-level0` ही संख्या पाहावी. दोष बहुधा तिथेच दिसतो.

यावर आक्षेप असा, की तीच नोंद पातळीमागून पातळी पुन्हा लिहायची, तर जागच्या जागी बदल करणारं बी-ट्री काय वाईट? आक्षेपात तथ्य आहे. लेव्हलडीबीत प्रत्येक पातळी वरच्या पातळीच्या दहापट असते, त्यामुळे एक फाइल खाली सरकवताना खालच्या दहाएक फाइली पुन्हा लिहाव्या लागू शकतात. पण बी-ट्रीलाही शंभर बाइटच्या बदलासाठी अख्खं पान लिहावं लागतं. इनोडीबीत हे पान मुळात १६ केबीचं असतं, शिवाय अर्धवट लिहिलेल्या पानापासून बचाव करण्याचा खर्च वेगळा. वाचन जास्त आणि बदल कमी असतील, तर मी बी-ट्रीच निवडेन. लेखनाचा सततचा मारा असेल, तर लॉगवर उभी रचना सरस ठरते.

क्रॅशनंतर दुरुस्ती करावी लागते, हाही गैरसमजच आहे. लेव्हलडीबी नीट बंद झालं होतं की कोसळलं होतं, उघडण्याची वाट तीच असते. `CURRENT` ही छोटी फाइल चालू `MANIFEST` चं नाव सांगते, `MANIFEST` जिवंत फाइलींची यादी देतं आणि मग उरलेला लॉग पुन्हा वाचून मेमटेबल उभं राहतं. कॉम्पॅक्शन अर्धवट राहिलं असेल, तर त्याच्या नव्या फाइली यादीत नसतात. त्या पुसल्या जातात आणि जुन्या जागेवर असतातच. लॉगचं शेपूट तुटलेलं असू शकतं. प्रत्येक तुकड्याआधी ७ बाइटचं शीर्षक असतं: ४ बाइट चेकसम, २ लांबी, १ प्रकार. लांबी १०० सांगते आणि फाइलमध्ये ६० बाइटच उरले आहेत, तर लिहिणारा मध्येच थांबला असं धरून लॉग तिथे संपवला जातो. `sync` चालू असेल, तर त्या नोंदीसाठी ‘ओके’ दिलंच गेलेलं नसतं, म्हणून दिलेला शब्द मोडत नाही. लॉगच्या मधोमध चेकसम जुळला नाही, तर मात्र ते वेगळं प्रकरण आहे. तिथे माहितीच बिघडलेली असते आणि ते मुकाट्याने ओलांडून पुढे जाणं धोक्याचं.

या सगळ्याचा भार `fsync` खरं बोलतो या गृहीतकावर आहे. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या मंडळींना दिसलं, की लिनक्सवर एकदा `fsync` फसला की पुढचा `fsync` यश कळवू शकतो, जरी मधली पानं डिस्कवर पोचलेलीच नसली. पुन्हा प्रयत्न करणं म्हणजे स्वतःची फसवणूक होती. म्हणून त्यांनी अशा वेळी सर्व्हर थांबवून लॉगपासून सुरुवात करण्याचं धोरण घेतलं. तसंच, `kill -9` मारून ‘काही हरवलं नाही’ असं म्हणणं ही वीज जाण्याची चाचणी होत नाही. प्रोग्राम मेला, तरी ऑपरेटिंग सिस्टिमची मेमरी शाबूत असते आणि ती सगळं निवांत डिस्कवर उतरवते. लेव्हलडीबीच्या चाचण्यांत `fault_injection_test.cc` नावाची फाइल आहे. ती शेवटच्या `sync` नंतर लिहिलेलं सगळं, प्रसंगी अख्ख्या फाइली, मुद्दाम फेकून देते, स्टोअर पुन्हा उघडते आणि ज्यांना पक्कं म्हटलं होतं त्या नोंदी सापडतात का ते पाहते.